हिरवा ठिपका आणि दुधाची ओळख

उपवासाच्या दिवशी आइसक्रीम चालते का, असा प्रश्न आपल्या घरांतून उन्हाळ्यात हमखास निघतो. आजी म्हणते, दुधाचे आहे, मग चालायला हरकत नाही. सून म्हणते, बाजारच्या आइसक्रीममध्ये अंडे असते असे ऐकले आहे. नातू डब्यावरचा हिरवा ठिपका दाखवतो आणि वाद मिटला असे सर्वांना वाटते. वस्तुतः तो वाद मिटलेला नसतो. घरात निघालेले प्रश्न दोन होते आणि हिरव्या ठिपक्याने उत्तर दिले ते एकाच प्रश्नाचे. डब्यात अंडे आहे की नाही, हे तो ठिपका सांगतो. डब्यात दूध आहे की नाही, याविषयी तो पूर्ण मौन पाळतो. या मौनाचा अर्थ शहरी मध्यमवर्गीय ग्राहकाने नीट समजून घेतलेला नाही. त्याची किंमत ग्राहकही मोजतो आहे आणि दूध उत्पादक शेतकरीही.

आधी दुधाचा प्रश्न घेऊ. आइसक्रीम हा दुग्धजन्य पदार्थ आहे काय? भारतीय कायद्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम 2006 साली झाला आणि त्याखालील मानके 2011 साली आली. या मानकांनुसार आइसक्रीम, कुल्फी, चॉकलेट आइसक्रीम आणि सॉफ्टी ही दूध वा दुधापासून मिळणाऱ्या पदार्थांचे मिश्रण निर्जंतुक करून, गोठवून केलेली उत्पादने होत. त्यात दुधाचा स्निग्धांश किमान 10 टक्के आणि दुधाची प्रथिने किमान 3.5 टक्के असावी लागतात. स्निग्धांश 10 टक्क्यांहून कमी पण किमान 2.5 टक्के असेल तर ते ‘मीडियम फॅट’ आणि त्याहूनही खाली असेल तर ‘लो फॅट’ आइसक्रीम ठरते. परंतु या तिन्ही प्रकारांत जो काही स्निग्धांश आहे, तो दुधाचाच असला पाहिजे. ‘आइसक्रीम’ या शब्दाला कायद्याने घातलेली ही मर्यादा आहे.

त्याच मानकांत शेजारीच दुसरा एक पदार्थ उभा आहे. त्याचे नाव ‘फ्रोझन डेझर्ट’. त्यातही एकूण स्निग्धांश किमान 10 टक्के हवा. मात्र तो दुधाचा असू शकतो, खाद्यतेलाचा वा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थाचा असू शकतो, किंवा दोहोंचे मिश्रणही असू शकतो. प्रथिनेही दुधाची अथवा वनस्पतिजन्य असू शकतात. वापरलेल्या तेलाचा वितळणबिंदू 37 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये एवढी अट आहे, म्हणजे ते मानवी शरीराच्या उष्णतेला तोंडात विरघळले पाहिजे. हा पदार्थ बेकायदेशीर नाही आणि तो भेसळही नव्हे. त्याचे उत्पादन आणि विक्री कायद्याच्या चौकटीतच होते. रंग, चव, डबा, कोन, कांडी या सर्व बाबतींत तो आइसक्रीमसारखाच दिसतो. फरक असतो तो डब्यावरच्या दोन शब्दांत आणि घटकांच्या यादीत.

हा फरक घरातल्या हिशेबाने समजून घेणे सोपे जाईल. आइसक्रीम लिटरवर विकले जाते आणि त्यात हवा मिसळलेली असते. म्हणून मानकांनी एक लिटर आइसक्रीमचे वजन किमान 525 ग्रॅम असावे असे ठरविले आहे. घरी आणलेला 700 मिलिलिटरचा डबा घेतला, तर त्यातील माल किमान साधारण 368 ग्रॅम भरला पाहिजे. त्याच्या 10 टक्के म्हणजे सुमारे 37 ग्रॅम दुधाचा स्निग्धांश त्यात हवा. साडेतीन फॅटच्या गाईच्या दुधाचा विचार केला, तर एवढा स्निग्धांश मिळविण्यासाठी सुमारे एक लिटर दूध लागते. सहा फॅटच्या म्हशीच्या दुधाचे साधारण सहाशे मिलिलिटर लागतील. तोच डबा ‘फ्रोझन डेझर्ट’चा असेल, तर हे सर्वच्या सर्व 37 ग्रॅम पामतेलाचे वा खोबरेल तेलाचे असू शकतात. अशा अनेक उत्पादनांत दूध भुकटी असते, त्यामुळे त्यात दूध अजिबात नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र दुधाचा जो भाग शेतकऱ्याच्या पदरात दर टाकतो, तो त्यातून निघून गेलेला असतो. गावच्या संकलन केंद्रावर दूध घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की, चिठ्ठीवरचा फॅटचा आकडा अर्ध्या-एका पॉइंटने घसरला की दर घसरतो. एका डब्यामागे एका लिटरचा स्निग्धांश वगळला जातो, तेव्हा त्या संकलन केंद्रावरच्या मागणीतूनच तो वगळला जात असतो.

या भेदावरून देशात एक गाजलेला न्यायालयीन वाद झाला. 2017 च्या मार्च महिन्यात ‘अमूल’ची विक्री करणाऱ्या गुजरात सहकारी दूध विपणन महासंघाने दूरचित्रवाणीवर जाहिराती दाखविल्या. आपले आइसक्रीम खऱ्या दुधाचे आहे आणि फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती असते, असा त्यांचा आशय होता. हिंदुस्थान युनिलिव्हर ही ‘क्वालिटी वॉल्स’ची तेव्हाची निर्माती कंपनी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. आपल्या उत्पादनात वनस्पती तूप वापरले जात नाही, वापरले जाते ते खाद्यतेल, आणि त्यात दुधाचे घटकही असतात, असे तिचे म्हणणे होते. जून 2017 मध्ये न्यायालयाने त्या जाहिरातींना मनाई केली. महासंघाचे अपीलही डिसेंबर 2018 मध्ये फेटाळले गेले.

या निकालाचा अर्थ अनेकांनी चुकीचा लावला. सहकारी महासंघ हरला, म्हणजे दोन्ही पदार्थ सारखेच ठरले, असे बोलले गेले. न्यायालयाने तसे काहीही म्हटलेले नाही. वनस्पती तूप आणि खाद्यतेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि प्रतिस्पर्ध्याच्या मालात नसलेली गोष्ट आहे असे भासवून त्याची बदनामी करता येत नाही, एवढाच त्या निकालाचा गाभा आहे. आइसक्रीम आणि फ्रोझन डेझर्ट यांतील कायदेशीर सीमारेषा त्याने पुसलेली नाही. ती होती तिथेच आहे. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी यातून घ्यायचा धडा असा की, सत्य बाजूने असताना अतिशयोक्तीचा आधार घेतला की सत्यही दुबळे होते. ‘यात दुधाऐवजी तेलाचा स्निग्धांश आहे’ हे विधान पुरेसे होते. ‘वनस्पती’ या शब्दाने न्यायालयातील बाजू गमावली गेली.

कायदा एका हाताने सीमारेषा आखतो आणि दुसऱ्या हाताने तिच्याकडे दुर्लक्ष करतो, हे करप्रणालीत दिसून येते. वस्तू व सेवा कराच्या वर्गीकरणात दूध, लोणी, तूप, चीज हे सर्व चौथ्या प्रकरणात, म्हणजे दुग्धजन्य पदार्थांच्या प्रकरणात येतात. आइसक्रीम मात्र त्यात नाही. ते एकविसाव्या प्रकरणात, संकीर्ण खाद्यपदार्थांत, 2105 या शीर्षाखाली आहे. त्या शीर्षाचे शब्द आहेत आइसक्रीम आणि इतर खाद्य बर्फ. परिणामी दुधाचे आइसक्रीम, तेलाचे फ्रोझन डेझर्ट आणि दुधाचा थेंबही नसलेली बर्फाची कांडी हे तिन्ही एका रांगेत बसतात. 22 सप्टेंबर 2025 पासून या शीर्षावरचा कर 18 वरून 5 टक्क्यांवर आला. ही सवलत स्वागतार्हच आहे. परंतु ती तिघांनाही सारखीच मिळाली. अन्नाच्या कायद्याने दुधाचे म्हणून ओळखलेल्या वस्तूला कराच्या कायद्याने वेगळी ओळख दिली नाही. वाहनांच्या वा कापडाच्या बाबतीत बारीकसारीक भेद करणाऱ्या व्यवस्थेला हा भेद करणे अवघड नाही.

आता अंड्याचा प्रश्न. बाजारच्या आइसक्रीममध्ये अंडे असतेच, हा समज निराधार नाही. त्याचे मूळ पाश्चात्त्य पद्धतीत आहे. दुधातील पाणी आणि स्निग्धांश एकमेकांत नीट मिसळून राहावेत, गोठताना बर्फाचे खडे होऊ नयेत, यासाठी एखादा दुवा लागतो. अंड्याच्या पिवळ्या बलकात लेसिथिन असते आणि ते हे काम उत्तम करते. म्हणून फ्रान्सकडच्या पद्धतीत दूध, साखर आणि बलक शिजवून कस्टर्ड करतात व ते गोठवतात. अमेरिकेच्या मानकांत तर ‘फ्रेंच आइसक्रीम’ वा ‘फ्रोझन कस्टर्ड’ म्हणवून घेण्यासाठी बलकाचे घनघटक किमान 1.4 टक्के असावेच लागतात. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे, कारण तिथे हिरवा ठिपका सक्तीचा नाही. ‘फ्रेंच व्हॅनिला’ असे नाव दिसले की घटकांच्या यादीत अंड्याचा शब्द शोधलाच पाहिजे.

भारतात मात्र मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या आइसक्रीममध्ये अंड्याचे हे काम दुसरे घटक करतात. डब्यावर इमल्सिफायर म्हणून 471 असा क्रमांक दिसतो, तो स्निग्धाम्लांच्या मोनो व डायग्लिसराइड्सचा. स्टॅबिलायझर म्हणून 412 दिसतो, तो गवारीच्या बियांपासून काढलेल्या गवार गमचा. शाकाहारी ग्राहकांची मोठी संख्या हे यामागचे एक कारण आहेच. त्याबरोबरच अंड्याचा वास टाळणे आणि कारखान्यात एकसारखा माल काढणे ही कारणेही आहेत. आपल्या घरच्या पॉट आइसक्रीमचाही अनेकांना संशय येतो, कारण त्यात कस्टर्ड पावडर पडते. हा संशय निष्कारण आहे. 1837 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या रसायनज्ञाने पत्नीला अंडी सोसत नाहीत म्हणून अंड्याविना कस्टर्ड करण्यासाठीच ही पावडर शोधली. तिचा मुख्य घटक कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्याचे पीठ. उपवासाच्या दृष्टीने पाहिले, तर अडचण अंड्याची नसून धान्याची आहे. ज्या घरात मका उपवासाला चालत नाही, तिथे कस्टर्ड पावडरचे आइसक्रीमही चालणार नाही, मग ते कितीही शुद्ध दुधाचे असो.

मानके आइसक्रीममध्ये अंडे घालण्यास मनाई करीत नाहीत. ती केवळ ते सांगण्याची सक्ती करतात. 2001 साली खाद्यपदार्थांवर मांसाहारी आणि पाठोपाठ शाकाहारी चिन्हाचा नियम आला. सध्याच्या व्याख्येनुसार अंडे हा मांसाहारी घटक आहे. दूध, दुग्धजन्य पदार्थ आणि मध मात्र त्यातून वगळलेले आहेत. म्हणजे अंडे असलेल्या आइसक्रीमवर हिरवा ठिपका लावताच येत नाही. पूर्वी मांसाहारी पदार्थावर तपकिरी ठिपका असे. 2020 च्या नियमांनी चौकोनातील तपकिरी त्रिकोण आणला, त्यामुळे रंग न ओळखता येणाऱ्यालाही आकारावरून भेद कळू लागला. दुसरा कोणताही मांसाहारी घटक नसून केवळ अंडेच असेल, तर तसे स्वतंत्रपणे लिहिण्याची मुभा उत्पादकाला नियमाने दिलेली होती.

तरीही एक फट उरत होती. 471 सारखे घटक वनस्पतींच्या तेलापासूनही होतात आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. नुसत्या क्रमांकावरून मूळ कळत नाही. या मुद्द्यावर राम गौरक्षा दलाच्या याचिकेत दिल्ली उच्च न्यायालयाने 9 डिसेंबर 2021 रोजी महत्त्वाचा आदेश दिला. घटकाचे प्रमाण कितीही अल्प असो, तो प्राणिजन्य असेल तर पदार्थ मांसाहारी ठरतो आणि हे जाणून घेणे हा ग्राहकाचा अधिकार आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. घटकांच्या केवळ सांकेतिक क्रमांकांवर न थांबता त्यांचा स्रोत उघड करावा, असे त्याने बजावले. हिरव्या ठिपक्यावरचा विश्वास या आदेशाने अधिक भक्कम झाला. म्हणून अंड्याच्या प्रश्नाला स्वच्छ उत्तर आहे. बंद डब्यावर हिरवा ठिपका असेल, तर त्यात अंडे नाही असे उत्पादकाने कायद्याला साक्षी ठेवून सांगितलेले आहे. ते खोटे निघाले तर दिशाभूल करणाऱ्या लेबलबद्दल तीन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

प्रश्न उरतो तो डबा नसतो तेथे. लग्नाच्या पंगतीत, कोपऱ्यावरच्या दुकानात, मोठ्या भांड्यातून चमच्याने काढून दिलेल्या आइसक्रीमला लेबल नसते. दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांना यादीवर शाकाहारी-मांसाहारी चिन्ह दाखविण्याचे बंधन 2020 च्या नियमांत आहे. एकट्या दुकानदाराला तसे बंधन नाही. तिथे मूळ आइसक्रीम निर्दोष असले, तरी त्यावर ठेवलेला ब्राउनीचा तुकडा किंवा त्यात मिसळलेला केक अंड्याचा असू शकतो. ग्राहकाने विचारायचे ते इथे, आणि मूळ डबा दाखविण्याचा आग्रह धरायचा तोही इथेच. पंगतीचे कंत्राट देताना ‘आइसक्रीम’ एवढेच न लिहिता कोणत्या नावाचा माल येणार, हे लिहून घेतले तर दुधाचा प्रश्नही त्याच वेळी सुटतो.

घरगुती चाचण्यांविषयीही सावध राहिले पाहिजे. वाटीत ठेवलेले आइसक्रीम लवकर वितळले नाही तर ते तेलाचे, असे ठामपणे सांगितले जाते. हे खरे नाही. गवार गमसारखे घटक असले की दुधाचे आइसक्रीमही बराच वेळ आकार धरून राहते. चवीवरूनही खात्री होत नाही. दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्ल असते, ते पामतेलात नसते. हा फरक प्रयोगशाळेतच मोजता येतो. सामान्य ग्राहकाला हा मार्ग बंद आहे असे मात्र नाही. अन्न सुरक्षा अधिनियमाच्या कलम 40 नुसार कोणताही खरेदीदार शुल्क भरून आपण घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. पदार्थ कायद्याच्या विरुद्ध निघाला, तर शुल्क परत मिळते. ही तरतूद ठाऊक असलेले ग्राहक थोडे आहेत आणि वापरणारे त्याहून थोडे. ग्राहक चळवळीतील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्याच्या हंगामात आपापल्या शहरात तिचा वापर केला, तर अन्न व औषध प्रशासनालाही जाग येईल.

कोणी काय खावे, हे ठरविण्याचा हा विषय नाही. असंख्य हिंदू घरांत अंडे शिजते आणि खोबरेल तेल हे कोकण-गोव्याच्या स्वयंपाकात वर्ज्य कधीच नव्हते. ज्याला तेलाचे गोड गोठण आवडते किंवा परवडते, त्याने ते खुशाल खावे. दूध न पचणाऱ्याला त्यातला तेलाचाच, पण दूध भुकटीही नसलेला प्रकार निवडावासा वाटेल. त्यालाही डब्यावरची यादीच उपयोगी पडणार आहे. आक्षेप आहे तो एका वस्तूच्या नावलौकिकावर दुसरी वस्तू विकण्याला. नैवेद्याच्या पानात, उपवासाच्या ताटलीत वा लेकराच्या हातात जे ठेवायचे, ते काय आहे हे ठेवणाऱ्याला माहीत असले पाहिजे.

यासाठी शासनाकडे करावयाच्या मागण्या मोजक्या आणि व्यवहार्य आहेत. फ्रोझन डेझर्टच्या डब्यावर दुधाचा स्निग्धांश किती आणि तेलाचा किती, ही घोषणा करण्याची तरतूद आहे. ती डब्याच्या मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत न राहता पुढच्या बाजूला, राज्याच्या भाषेतही यावी. ‘आइसक्रीम पार्लर’ अशी पाटी लावून फ्रोझन डेझर्ट विकणाऱ्याने दरफलकावर तसे लिहिण्याचे बंधन असावे. करवर्गीकरणात दुधाच्या आइसक्रीमला स्वतंत्र उपशीर्ष मिळावे, म्हणजे उद्या एखादी सवलत दूध उत्पादकासाठी द्यायची झाली तर ती त्याच्यापर्यंत पोहोचेल.

शासन हे करील तेव्हा करील. तोवर डबा हाती घेतल्यावर दोन ठिकाणी पाहण्याची सवय घराघरांत लागली पाहिजे. हिरवा ठिपका पाहावा अंड्यासाठी. उत्पादनाचे नाव आणि त्याखालची घटकांची यादी पाहावी दुधासाठी. आजीच्या ‘दुधाचे आहे’ या विश्वासाला आणि सुनेच्या अंड्याच्या शंकेला असे दोन वेगळे आधार आहेत, आणि दोन्ही त्याच डब्यावर छापलेले आहेत.